सहा पेपर, पाच सकाळी

माझी बायको बी. ए. झाली नाही, त्याला एकच पेपर कमी पडला. तो पेपर तिला आला नव्हता असं नाही. तो पेपर होता तेव्हा ती वरच्या मजल्यावर दुसरा पेपर लिहीत होती.

मी दौंडला एका कॉलेजात शिपाई होतो. शेवटची पुष्कळ वर्षं परीक्षा विभागात काढली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, बाकांवर बैठक क्रमांक चिकटवायचे, खोल्या उघडायच्या, बंद करायच्या. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पोरं मला चाचा म्हणतात, प्राध्यापकही चाचाच म्हणतात. निवृत्त झालो तरी परीक्षेच्या दिवसांत मला बोलावणं यायचं, कारण कुठली खोली कधी रिकामी आहे हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. किल्ल्यांची फळी माझ्याकडं, म्हणून खोल्यांचा हिशोबही माझ्याकडं. "चाचाला विचारा" एवढंच तिथलं रजिस्टर.

बायको माझ्यापेक्षा हुशार. पोरं हाताला आल्यावर तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, बारावी केली, आणि मग आमच्याच कॉलेजात नाव घातलं. घरात आमची बोली वेगळी, पण माझ्याशी भांडायची ती मराठीतच. म्हणायची, "तुमच्याशी भांडून माझा पेपर सुधारतो." पहिली दोन वर्षं पार पडली. दुसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा एक पेपर तेवढा राहिला. त्याला तिथं एटीकेटी म्हणतात. म्हणजे तिसऱ्या वर्षात बसायला मोकळीक, पण मागचा पेपर पुन्हा द्यायचा.

शेवटच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं तेव्हा तिनंच ते आधी वाचलं. बुधवारी सकाळी दहा वाजता तिसऱ्या वर्षाचा मराठीचा पेपर. बुधवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर.

आम्ही दोघं परीक्षाप्रमुख सरांकडं गेलो. ती उभी, मी तिच्या मागं उभा. सर मोबाइलवर बोलत होते. बोलणं झाल्यावर त्यांनी हॉल तिकीट पाहिलं आणि हसले.

"अहो मावशी, एटीकेटीवाल्यांचं आपलं आपण बघायचं असतं. एक सोडा. पुढच्या वेळी द्या."

ती म्हणाली, "सर, दोन्हींचा अभ्यास झालाय माझा."

"मग पुढच्या वेळी आणखी पक्का होईल. तुम्हाला डिग्री घेऊन कुठं कलेक्टर व्हायचंय?"

टेबलाशी बसलेले दोन क्लार्क हसले.  नोकरी माझी, टेबल त्यांचं. ही गोष्ट लिहायची तर तेही लिहिलं पाहिजे, की मी त्या दिवशी गप्प बसलो. घरी येताना ती पुढं चालत होती. रेल्वेच्या पुलावर एकदाच मागं वळून म्हणाली, "तुमच्या हातात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या, आन् मला बसायला एक खोली न्हाई."

मराठीचा पेपर तिनं दिला. अर्थशास्त्र सोडलं. पुढची परीक्षा यायच्या आधी तिला कावीळ झाली, ती पोटात मुरली. पुण्याला ससूनला नेलं, बारा दिवसांनी परत आणलं ते मातीसाठीच. तिची अर्थशास्त्राची वही उशाशी होती. पोरगा म्हणाला, रद्दीत द्यायची का? मी त्याला घरातून बाहेर काढला. दोन दिवस तो सासरवाडीला राहिला.

त्यानंतर मी सरांना रोज नमस्कार करत होतो. नमस्कार करताना मनात काय यायचं ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो, परीक्षेपुरता येत राहिलो, आणि गणिताच्या एक नवीन मॅडम परीक्षा विभागात मदतीला आल्या. शिकवायला चांगल्या, पण सरांपुढं आवाज निघायचा नाही. एकदा मी गठ्ठे बांधत होतो आणि त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चाचा, हे वेळापत्रक करतात कसं इथं?"

मी म्हणालो, "करत न्हाईत. मागल्या सालचं काढत्यात आन् तारखा बदलत्यात."

खरं तसंच होतं. एफवाय, एसवाय, टीवाय, म्हणजे पहिलं, दुसरं, तिसरं वर्ष. प्रत्येकाचे पाच पेपर. सोमवार ते शुक्रवार पाच सकाळी. प्रत्येक सकाळी प्रत्येक वर्षाचा एक पेपर, तिन्ही वर्षं एकाच वेळी, वेगळ्या खोल्यांत. सर वर्ग बघायचे. वर्गापुरतं ते बरोबरच. एका वर्गाचे दोन पेपर कधीच एका वेळी येत नव्हते. पण जो पोरगा दोन वर्गांत एकेक पाय ठेवून उभा आहे, तो सरांच्या कागदावर कुठंच नव्हता.

मी मॅडमना बायकोचं सांगितलं.  त्यांनी एक मोठा ड्रॉइंग पेपर घेतला आणि त्यावर गोल काढायला लागल्या. एक गोल म्हणजे एक पेपर. तिन्ही वर्षांचे मिळून पंधरा गोल.

"आता रेघा मारायच्या. एकाच विद्यार्थ्याला दोन्ही पेपर असतील तर त्या दोन गोलांमध्ये रेघ."

"किती विद्यार्थी असले म्हंजी?"

"एक असला तरी."

"एकच?"

"एक असो की शंभर. रेघ तेवढीच."

मला ते फार आवडलं. आमच्या कॉलेजात शंभराची गोष्ट झाली तर मीटिंग होते आणि एकाची गोष्ट झाली तर हसतात. इथं एका माणसाला शंभराएवढीच रेघ.

मग म्हणाल्या, "आता प्रत्येक गोलाला रंग द्यायचा. रंग म्हणजे परीक्षेची वेळ. सोमवार सकाळ लाल, मंगळवार सकाळ हिरवी, असं. रेघेच्या दोन टोकांना एकच रंग आला की कुणाचे तरी दोन पेपर एका वेळी आले. तेवढं टाळायचं. आणि होईल तेवढ्या कमी रंगांत बसवायचं."

"हे गणित हाय?"

"हे मोठं गणित आहे चाचा. नकाशे रंगवण्यापासून सुरू झालंय. गोल वाढले की कॉम्प्युटरचा पण घाम निघतो."

मी रेघा सांगितल्या, त्यांनी मारल्या. हॉल तिकिटं वाटायचं काम माझं, त्यामुळं कुणाचा मागचा कुठला पेपर राहिलाय हे मला बघावं लागत नव्हतं. आदल्या साली एसवायच्या इतिहासात पुष्कळ आपटले होते, टीवायची चौदा पोरं तो पेपर पुन्हा देणार होती. शिवाय एसवायच्या एका पोराचं एफवायचं इंग्रजी राहिलं होतं. बाकी एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाणाऱ्या आडव्या रेघा नव्हत्या.

त्या चौदांत इनामगावची एक मुलगी होती. बाप मांडवगण फराट्याला कुणाच्या तरी पोल्ट्रीवर कामाला, ही सकाळची एसटी धरून यायची. तिला पुढं बी. एड.ला जायचं होतं. त्या वर्षी सगळे पेपर सुटले नाहीत तर घरचे लग्न लावून देणार, असं तिनं मला हॉल तिकीट घेताना सांगितलं होतं. सहज सांगितलं, जशी उन्हाळ्याची गोष्ट सांगावी.

सरांचं कच्चं वेळापत्रक आलं होतं. एसवायचा इतिहास गुरुवारी. गुरुवारी टीवायचं राज्यशास्त्र. मी म्हणालो, "मॅडम, इतिहास मंगळवारी टाका की."

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "टाकून बघा."

मंगळवारी टीवायचा दुसरा पेपर होता. सोमवारी टाकला, तिथं तिसरा. पाची दिवस झाले, पाची दिवशी त्या मुलीचा काही ना काही पेपर होताच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भिंतीवरच्या किल्ल्यांच्या फळीकडं, तिच्या खिळ्यांकडं बघितलं. एका खिळ्याला एक किल्ली असा माझा नियम.

"मॅडम, खिळे पाच आन् किल्ल्या सहा. कशा बी लटकवा, एका खिळ्याला दोन येणारच."

त्या हसल्या. "अगदी हेच. त्या मुलीचे सहा पेपर एकमेकांना सगळे जोडलेले. सहांना सहा रंग लागणारच. पाचांत कुणाच्या बापाला जमणार नाही."

म्हणजे माझ्या बायकोच्या वेळी ती चूक नव्हती. चूक एखाद्या दिवसाची असते, हलवली की सुटते. तिचेही पेपर सहा होते. पाच सकाळी ठरवल्या त्या दिवशीच तिचा एक पेपर मेला होता. आणि सर म्हणाले होते, आपलं आपण बघा. काय बघणार होती ती?

सहावी वेळ धरली की सगळं सुटत होतं. इतिहास सहाव्या वेळेला. त्यामुळं एसवायचा गुरुवार मोकळा झाला, त्या मोकळ्या गुरुवारी एफवायचं इंग्रजी टाकलं आणि एफवायचा गुरुवारचा पेपर इंग्रजीच्या जागी नेला, म्हणजे तो दुसरा पोरगाही सुटला. मॅडमनी रंगीत पेन्सिलींनी पंधरा गोल भरले. प्रत्येक रेघेची दोन टोकं मी बोटानं तपासली. एकही जोडी एका रंगाची नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "सरांना आजच दाखवूया."

मी म्हणालो, "मीटिंगपर्यंत थांबा."

"का?"

"आज दाखवलं तर सर म्हणतील बघू. मीटिंगला प्रिन्सिपल असत्यात."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. सरांच्या टेबलावर पत्रिका मी बघितली होती. मुलीचा साखरपुडा, परीक्षेच्या आठवड्यातला शनिवार, शिरूरला मंगल कार्यालयात, दुपारी साडेबारा. म्हणूनच परीक्षा शुक्रवारी संपवायची घाई. आपटायचंच तर जिथं आवाज होईल, चार लोकांसमोर, तिथं आपटावं. मी वाट बघितली.

मीटिंगमध्ये प्रिन्सिपल, सर, मॅडम आणि चारपाच विभागप्रमुख. मी चहा देत होतो. सरांनी वेळापत्रक पुढं ठेवलं. "क्लॅश नाही. नेहमीप्रमाणं शुक्रवारी संपतंय."

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, चौदा पोरांचे दोन पेपर एका टायमाला आल्यात."

सर म्हणाले, "चाचा, चहा द्या आणि बाहेर थांबा."

"चहा दिला. आता मॅडमचा कागद बघा."

प्रिन्सिपलनी कागद मागितला. मॅडम मग नीट बोलल्या. आवाज कापत होता, पण गोल आणि रेघा बोलायला लागल्या की माणसाच्या आवाजाला कोण विचारतं? प्रिन्सिपलनी सरांना विचारलं, "पाचात बसवून दाखवा." सरांनी पेन घेतलं. इतिहास सोमवारी, मग बुधवारी, मग शुक्रवारी. माझ्यासारखंच. पाची दिवस फिरून आले. सगळे बघत होते. एक विभागप्रमुख हळूच म्हणाले, "अहो, भोवऱ्यासारखं काय फिरवताय?" तो हशा मी आजही कानात ठेवलाय. ह्याच सरांच्या टेबलाशी दोन क्लार्क हसले होते.

सर चिडून म्हणाले, "चौदा जणांसाठी एक जास्तीचं सत्र घ्यायचं?"

प्रिन्सिपल म्हणाले, "घ्यायचं. शनिवारी."

सरांचा चेहरा उतरला. "शनिवारी मला... घरी कार्यक्रम आहे. दुपारचं सत्र घेऊ ना. गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "चाचा, दुपारी खोल्या आहेत?"

आमच्याकडं दुपारी खोल्या ज्युनियर कॉलेज वापरायचं. त्या आठवड्यात त्यांची अकरावीची चाचणी होती. ती बुधवारी संपत होती. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन्ही मजले ओस. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी म्हणालो, "न्हाई. शनिवारपर्यंत चाचणी चालू हाय."

कुणी शंका घेतली नाही. चाचाला विचारलं, चाचानं सांगितलं.

सर म्हणाले, मग शनिवारी दुसऱ्या कुणाला चार्ज देतो. प्रिन्सिपलनी फाईल उघडली. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांचं सील परीक्षाप्रमुखाशिवाय कुणी फोडायचं नाही, कपाटाची किल्ली कुणाकडं द्यायची नाही, असं परिपत्रक सरांनीच काढलं होतं. मॅडम नवीन आल्या तेव्हा, त्यांना जागा दाखवायला. प्रिन्सिपल म्हणाले, "तुमचंच आहे. आज ह्या घोळानंतर मी ते मोडणार नाही. पत्रिकेत साडेबारा आहे, तासभर पुढं घ्या." दहा ते एक पेपर, मग गठ्ठे मोजून सील, मग दौंडहून शिरूर. तासाभरात काय होतंय.

परीक्षा सुरू झाली. गुरुवारी संध्याकाळी सर किल्ल्यांच्या फळीपाशी आले. शर्टाला घामाचे डाग.

"चाचा, आज दुपारी वर कुणी दिसलं नाही मला."

"लवकर सुटली असतील."

"उद्या दुपारी एखादा हॉल निघेल का बघा ना. पोरांना आजच कळवतो. व्याही सोलापूरहून येणारेत. मुलीचा बाप नसला तर बरं दिसत नाही." मग जवळ येऊन म्हणाले, "मी कधी तुमचं वाईट केलंय का चाचा?"

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. तो माणूस खरंच विचारत होता.

"माझ्या घरच्यांचा अर्थशास्त्राचा पेपर आठवतो का सर?"

"कुणाचा?"

"तुम्ही मावशी म्हणाला होता. कलेक्टर व्हायचंय का म्हणाला होता."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. मग मान हलवली. "किती जण येतात हो. असेल."

त्यांना आठवलं असतं, तर कदाचित मी किल्ली काढून दिली असती. नक्की सांगता येत नाही. पण त्यांना आठवलं नाही. मी म्हणालो, "हॉल न्हाई सर." आणि फळीचं दार लावलं.

शनिवारी इतिहासाचा पेपर झाला. एसवायचा अख्खा वर्ग आणि ती चौदा. इनामगावची मुलगी तिसऱ्या बाकावर. तीन वेळा पुरवणी मागितली तिनं, तिन्ही वेळा मीच नेऊन दिली. सर नवा झब्बा घालून ऑफिसात बसले होते. मोबाइल टेबलावर थरथरत होता, सरकत सरकत कडेला यायचा, ते पुन्हा मध्ये ठेवायचे. साडेबाराला एकदा उचलला. "तुम्ही उरकून घ्या. मामाला बसवा माझ्या जागी," म्हणाले, आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन होतो. पाणी दिलं नाही. उभा राहून बघितलं. पोटभर बघितलं.

एकला घंटा मी दिली, एक सेकंद आधी नाही. गठ्ठे मी मोजले, आणि घाई केली नाही.

नंतर कळलं ते असं, की सर तीनला पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. सोलापूरच्या एका म्हातारीनं पोरीदेखत विचारलं होतं, "बापाला पोरीपेक्षा कागद मोठे का?" पोरगी रडली म्हणतात. त्या पोरीनं माझं काही बिघडवलं नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी मॅडम किल्ल्यांपाशी आल्या. ज्युनियरच्या कुणा सरांनी बोलता बोलता सांगितलं होतं, की चाचणी बुधवारीच संपली.

"चाचा, शुक्रवारी दुपारी हॉल रिकामा होता."

"व्हय."

"मीच तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या शब्दावर शनिवार धरला."

"पोरीचा पेपर तर झाला न्हवं?"

"तो शुक्रवारीही झाला असता. तिला शनिवारी इनामगावहून पुन्हा यावं लागलं. बाकीच्या तेराजणांना यावं लागलं. आख्ख्या एसवायला यावं लागलं."

 मी म्हणालो, "तुमची बायको मेलेली न्हाई मॅडम." किती मूर्ख वाक्य. पण तेच निघालं तोंडातून.

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी प्रिन्सिपलना काही सांगितलं नाही, एवढं मात्र खरं. एक जाड वही आणली, तिच्यावर 'खोल्या' असं लिहिलं आणि माझ्यासमोर बसून एकेक किल्ली विचारून घेतली. कुठली खोली, किती बाक, कुठल्या वारी दुपारी कुणाकडं. मी सगळं खरं सांगितलं. दोन तास लागले. शेवटी वही मिटून त्या म्हणाल्या, "झालं चाचा. आता तुम्हाला त्रास नको."

पुढच्या परीक्षेला मला बोलावणं आलं नाही.

वेळापत्रक लागलं त्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो. आत गेलो नाही. काचेमागं कागद होता, खाली मॅडमची सही, सर आता परीक्षेत नाहीत. सहा सत्रं होती, सहावं शुक्रवारी दुपारी. दोन पोरी हॉल तिकिटं धरून आपापले पेपर बोटानं जुळवत होत्या. त्यातली एक म्हणाली, "चाचा, माझं एटीकेटीचं कुठं दिसंना." मी चष्मा लावला आणि तिचा पेपर शोधून दिला. एकटाच होता तो त्या वेळेला, शेजारी दुसरा कुठला नव्हता.

घरी आलो. अर्थशास्त्राची वही अजून उशाशी आहे. सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मॅडमना तोंड दाखवायला मी त्या गेटच्या आत अजून गेलेलो नाही.